आदर्श सरांची फुल परमिशन

आदर्श सरांनी मला पहिल्याच दिवशी सगळे अधिकार दिले होते. हे मी सांगत नाही, ते स्वतः सांगायचे. कँटीनमध्ये, गेटवर, साहेबांच्या केबिनमध्ये, जिथं दोन माणसं भेटतील तिथं सांगायचे, "पोरीला फुल परमिशन दिलीया मी. काय बी राखून ठिवल्यालं न्हाय." आणि एवढं सगळं मिळूनही सहा महिन्यांत मला सर्व्हरवर एकदाही जाता आलं नव्हतं. त्यावरून लोकांनी काय तो अंदाज बांधला, आणि तो माझ्याबद्दल बांधला.

मी अक्षरा, राहणार निपाणी. आई जयाबाई, तंबाखूच्या वखारीत पानं निवडून निवडून तिची बोटं कायमची पिवळी झाली. मी बेळगावात इंजिनिअर झाले आणि एप्रिलात मच्छेच्या एका कारखान्यात आयटीची नोकरी धरली. कारखान्याचं नाव मष्णू प्रिसिजन. मालक रविराज साहेबांनी वडिलांचं नाव दिलंय. हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग कापणारी चौदा मशिनं आहेत, आणि कुठल्या मशिनानं काय कापायचं त्याचे प्रोग्राम एका सर्व्हरवर ठेवलेले असतात. सर्व्हर मार्चमध्येच घेतलेला. पुण्याच्या बड्या गिऱ्हाइकानं तपासणी करून अट घातली होती की लांबून सर्व्हरवर जाताना पासवर्ड चालणार नाही, फक्त की चालेल. ही अट नसती तर आदर्श सरांनी पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला असता.

की म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या कारखान्यातही निम्म्यांना ते ठाऊक नव्हतं. तिचे दोन भाग असतात. एक माझ्या लॅपटॉपवर राहतो, तो कुणाला द्यायचा नाही. दुसरा सर्व्हरवर, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये एका यादीत लिहून ठेवायचा. मी दारात गेले की सर्व्हर दोन्ही जुळवून बघतो आणि आत घेतो. एवढंच.

आदर्श सर अकरा वर्षांपासून आयटी मॅनेजर. त्याआधी ते स्टोअरला होते, आणि त्यांच्या मते दोन्ही कामं एकच. त्यांनी माझं खातं उघडलं, चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला, आणि मग मला काही अडचण येऊ नये म्हणून एक कमांड मारली. तिनं सर्व्हरवरच्या सगळ्या माणसांची सगळी फोल्डरं सगळ्यांना खुली झाली. वाचा, लिहा, पुसा, कुणीही, काहीही. या परमिशनचा आकडा सात-सात-सात. आमच्या धंद्यात त्याला ट्रिपल सेव्हन म्हणतात आणि शहाणी माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. ते झाल्यावर सरांनी माझी की स्वतःच्या हातानं माझ्या यादीत टाकली.

मी लॅपटॉपवरून सर्व्हरला हाक मारली. उत्तर आलं, परमिशन डिनाइड, पब्लिक की.

"तुझी की चुकीची असंल," सर म्हणाले. "दुसरी बनीव."

दुसरी बनवली. परमिशन डिनाइड. सरांनी पुन्हा ट्रिपल सेव्हन मारलं. तिसरी बनवली. जूनपर्यंत पाच झाल्या आणि दसऱ्यापर्यंत अकरा. प्रत्येक वेळी सर यादीत नवी की टाकायचे, प्रत्येक वेळी औषध म्हणून ट्रिपल सेव्हन मारायचे, आणि सर्व्हर आणखी घट्ट नाही म्हणायचा.

दुसऱ्या आठवड्यातच मी त्यांना सांगितलं होतं. "सर, परमिशन जास्त झाली म्हणून होतंय. माझ्या फोल्डरात कुणालाही लिहिता येत असेल तर कुणीही तिथं स्वतःची की टाकून माझ्या नावानं आत येईल. म्हणून सर्व्हर ती यादीच मानत नाही. परमिशन कमी करा."

सर असे हसले की चहाचा पेला ठेवावा लागला. "परमिशन जास्त दिली म्हणून परमिशन डिनाइड? ए माधवी, हिकडं ये गं, ऐक ही काय म्हणतीया!"

माधवी मॅडम म्हणजे आमच्या एचआर. त्या ऐकायला आल्या आणि हसून गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना हसला. लेथवरचे सत्याप्पा मामा सुटीच्या वेळी म्हणाले, "अक्षराताई, आमच्या घरात म्हातारीला लई जेवाय घातलं म्हणून ती उपाशी राहिली असं आजवर झालं न्हाय बघा." माणूस भला, पण लागलं मला. रात्री पीजीच्या खोलीवर जाऊन मी रडले, आणि रडले म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडले.

मी म्हणाले, निदान सर्व्हरची नोंदवही दाखवा. कुणाला का नाकारलं ते सर्व्हर स्वतः एका फाइलीत लिहून ठेवतो. सर म्हणाले, नोंदी बाहेरच्या माणसाला दाखवायच्या नसतात. मी म्हणाले, मग सर्व्हरच्या केबिनमध्ये जाऊ द्या, तिथं कीबोर्ड लावून चिठ्ठीवरच्या पासवर्डनं आत जाते, समोर बसून शिरायला की लागत नाही. सर म्हणाले, केबिनमध्ये देव आहेत. खरंच होते. सर्व्हरच्या डोक्यावर फळी ठोकून चार फोटो ठेवले होते, खाली अगरबत्तीचं घर. तिथं चपला काढून जायचं, आणि चपलांचा रॅक बाहेर, आणि रॅकच्या शेजारी माझं टेबल. "आमच्यात भेदभाव न्हाय," असं रविराज साहेब मला जॉइन होताना दोनदा म्हणाले होते. मी काही विचारलं नसताना दोनदा म्हणाले, म्हणून लक्षात राहिलं.

तर सहा महिने मी काय केलं? प्रिंटरच्या शाईच्या डब्या बदलल्या. हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही म्हणून लोकांचे अंगठे पुसले. साहेबांच्या लेकाचा, साईराजचा शाळेचा प्रोजेक्ट छापला, सौरमंडळ, रंगीत. सर्व्हरचं सगळं आदर्श सर बघायचे, कारण त्यांना जाता येत होतं.

त्यांना का जाता येत होतं ते मला कळत होतं. मार्चमध्ये, पहिलं ट्रिपल सेव्हन मारायच्या आधी, ते एकदा नीट आत शिरले होते आणि ती खिडकी त्यांनी आजवर बंदच केली नव्हती. त्यांचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या केबिनमध्येच, यूपीएसवर, कधी बंद नाही, पडद्यावर चिकटपट्टीनं चिठ्ठी, 'हात लावू नये'. एकदा आत गेलेल्याला सर्व्हर पुन्हा विचारत नाही. तपासणी दारात होते. मी हेही सरांना सांगितलं होतं, की तुम्हीसुद्धा एकदा बाहेर पडून बघा. ते म्हणाले, "तुज्यासारकं? न्हाय बा."

सहा महिन्यांची उमेदवारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. माधवी मॅडमनी मला चांगल्या मनानं माझा रिपोर्ट आधीच दाखवला. आदर्श सरांचं अक्षर सुंदर आहे, स्टोअरचं वळण. लिहिलं होतं, 'सर्व अधिकार देऊनही उमेदवारास सहा महिन्यांत सर्व्हरवर लॉगिनसुद्धा करता आले नाही. या कामास असमर्थ.'

"तू निपाणीतच काय तरी बग की," मॅडम म्हणाल्या. "घर बी जवळ पडंल."

मला नोकरी जाण्याचं एवढं वाटलं नसतं. पण मच्छे ते उद्यमबाग, सगळे कारखानदार एकमेकांचे व्याही, नाही तर भिशीतले मित्र. 'असमर्थ' हा शब्द माझ्या आधी प्रत्येक गेटवर पोचला असता. आणि आईनं ती पिवळी बोटं घेऊन गल्लीत सांगून ठेवलं होतं की माझी अक्षरा कारखान्याचा मेंदू सांभाळते. हा शब्द खोडला जायला हवा होता. नोकरीचं मग बघता आलं असतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. कारखान्यातली सगळी मशिनं धुऊन-पुसून बंद करतात, झेंडू, उसाचे कांडे, कोहळा, हळद-कुंकू, आणि दसरा होईपर्यंत त्यांना विश्रांती. सर्व्हरची ही पहिलीच खंडेनवमी. साहेब केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आदर्श, ह्यो बी कामगारच की रं. ह्याला बी दोन दिस सुट्टी दे."

सर म्हणाले, "व्हय साहेब," आणि सहा महिने उघडी असलेली ती खिडकी पुढं घेऊन, सगळ्यांच्या समोर, एखाद्या सर्जनच्या थाटात, सर्व्हर बंद करायची कमांड मारली. पंखे थांबले. सरांनी स्वतःचा कॉम्प्युटरही बंद केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारातून बघत होते आणि मला माहीत होतं आता काय होणार. बोलावं का? सहा महिने बोलून काय झालं होतं? गप्प राहिले. तेवढा वाईटपणा माझ्यात आहे, नाकारत नाही.

सर्व्हरला कुंकू लावायला एकेकाला बोलावलं. मला बोलावलं तेव्हा मी म्हणाले, "मी नाही लावत, सर. प्रसाद द्या." पुढच्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी निपाणीला जाऊन आईबरोबर पांढरी साडी नेसून विहारात बसले होते, आणि पंचशील म्हणताना मधेच मला मशिनं आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या पाळीला मी रॅकशेजारच्या टेबलाशी बसले तेव्हा आदर्श सरांचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा झाला होता. सर्व्हर चालू होता, पंखे फिरत होते, पण मशिनांना प्रोग्राम पाठवणारं काम आपोआप सुरू होत नव्हतं. सरांनी ते मार्चमध्ये हातानं सुरू केलं होतं आणि विसरून गेले होते. आता ते पुन्हा हातानं सुरू करायचं तर आत जायला हवं. आणि सरांच्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. परमिशन डिनाइड, पब्लिक की.

मला अकरा वेळा आलेली ओळ होती ती, पण सरांच्या पडद्यावर तिला पहिल्यांदाच आदर मिळाला. साहेब धावत आले. माधवी मॅडम धावत आल्या. चौदा मशिनं उभी, मशिनांपुढं हात बांधून चौदा माणसं उभी, आणि दुपारी पुण्याचा ट्रक येणार.

"व्हायरस असंल," साहेब म्हणाले.

"की चुकीची असंल," मी म्हणाले. "सर, दुसरी बनवा."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलून फार बरं वाटलं.

सरांनी खरंच दुसरी बनवली! बनवली, आणि मग ती सर्व्हरवर टाकायची कशी या प्रश्नाशी येऊन थांबले. टाकायला आत जावं लागतं. पाच मिनिटं ते की कॉपी करून माऊस हातात धरून बसले. मग ते खुर्चीतच वळले आणि साहेबांना हळू आवाजात म्हणाले, पण केबिन केवढीशी, सगळ्यांना ऐकू आलं, "साहेब, मला बोलायचं न्हवतं. पर परवा सगळ्यांनी हात जोडले. एका माणसानं न्हाय जोडले. त्याचं हे."

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं, आणि मग न बघितल्यासारखं केलं. माझ्या कानशिलात ठणके पडायला लागले. लहानपणी शाळेत पाण्याच्या माठाजवळ असंच व्हायचं. कुणी काही म्हणायचं नाही, फक्त वाट बघायचे, मी ग्लास कुठं ठेवते त्याची.

सत्याप्पा मामा दारातून म्हणाले, "मग कुंकवानं चालू करा की, सर. आमचा टैम चाललाय."

कुणी तरी हसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. ट्रकपुढं देव आणि आदर्श दोघंही जरा मागं सरकले. "अक्षरा, तुला काय कळतंय का ह्यातलं?"

"कळतंय, साहेब. मला केबिनमध्ये सर्व्हरसमोर बसू द्या. पडदा आणि कीबोर्ड लागेल."

"तिथं पासवर्ड लागतोय," सर घाईनं म्हणाले. "मी लावून बगितला मगाशी. माझा मला आठवंना. कवा लागलाच न्हाय तर..."

"माझा आठवतो. चिठ्ठीवर दिला होतात."

मी माझ्याच टेबलावरचा पडदा आणि कीबोर्ड उचलला, चपला रॅकवर ठेवल्या आणि आत गेले. झेंडूचा हार सर्व्हरच्या हवेच्या जाळीवर आडवा आला होता, तो नीट उचलून फळीवर ठेवला. तारा जोडल्या. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. सर्व्हरनं मला आत घेतलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा!

नोंदीची फाइल उघडली आणि बाजूला सरले. "साहेब, वाचा. इंग्रजीच आहे."

साहेबांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. ओळीमागून ओळ एकच मजकूर होता. प्रवेश नाकारला, कारण फोल्डरची मालकी किंवा परमिशन बरोबर नाही. फोल्डरचं नाव कधी अक्षरा, कधी, आज सकाळपासून, आदर्श.

"म्हंजी परमिशन कमी पडली?" साहेबांनी विचारलं.

"जास्त पडली. हे बघा, ही आमची फोल्डरं. सगळ्यांना सगळं. कुणीही येऊन सरांच्या यादीत स्वतःची की लिहू शकतो. सर्व्हर म्हणतो, अशी यादी मी मानणार नाही."

साहेब आदर्श सरांकडं बघायला लागले. सर फोटोंकडं बघायला लागले.

मी माझ्या फोल्डरची परमिशन उतरवली. लिहायचा हक्क माझा मला ठेवला, बाकीच्यांचा काढला. यादीच्या फाइलीला फक्त मी हात लावू शकेन असं केलं. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर हाक मारली.

परमिशन डिनाइड, पब्लिक की.

आदर्श सरांच्या चेहऱ्यावर जी पहाट झाली ती मी विसरणार नाही. "बगा," ते म्हणाले. "मी काय म्हणतोय? परमिशनचं न्हायच ते."

मी नोंदीची फाइल पुन्हा बघितली. तिथं नवी ओळ आली होती. आता तक्रार फोल्डरची नव्हती, यादीच्या फाइलीची होती. मी फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघितलं आणि मला हसायलाच आलं. राग येऊन हसायला येतं तसं.

"साहेब, माझ्या फोल्डरात, माझ्या कीच्या यादीचा मालक कोण लिहिलाय ते वाचा."

"आदर्श," साहेबांनी वाचलं.

सरांनी ती फाइल स्वतःच्या खात्यातून बनवली होती. सगळं सगळ्यांना खुलं असल्यावर कुणाच्याही फोल्डरात बसून लिहिता येतंच. आणि सर्व्हरचा नियम असा की यादी ज्याची त्याच्या मालकीची हवी, नाही तर सर्व्हरच्या मुख्य मालकाच्या, रूटच्या. शेजारच्याच्या मालकीची चालत नाही. सहा महिने मला मोठ्या मनानं सगळं देणाऱ्या माणसानं त्या एका कागदावर मालक म्हणून स्वतःचं नाव ठेवलं होतं, आणि त्यांना ते माहीतसुद्धा नव्हतं. त्याचाच जास्त राग आला मला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मालकी माझ्या नावावर केली, लॅपटॉपवरून पुन्हा हाक मारली. आत. काही आवाज झाला नाही, टाळ्या नाहीत, नुसती एक ओळ आली आणि पुढं कर्सर लुकलुकत राहिला. मग सरांच्या फोल्डरचीही परमिशन उतरवली, त्यांचंही दार उघडलं, आणि मशिनांना प्रोग्राम पाठवणारं काम सुरू केलं. शेडमधून पहिल्या मशिनाचा आवाज आला, मग दुसऱ्याचा.

साहेब खूश झाले. "शाब्बास गं पोरी! माधवी, हिचं लेटर आण. कन्फर्म!"

"साहेब, त्याआधी रिपोर्ट," मी म्हणाले. "त्यात मी असमर्थ आहे असं लिहिलंय. ते खोडा, आणि खरं कारण लिहा."

"अगं, ऱ्हाऊ दे की आता. घरातली गोष्ट हाय. आदर्शनं तरी काय वाईट मनानं केलंय?"

"ते घरातच राहिलं असतं तर मी बोलले नसते. पण आज सकाळी सगळ्यांसमोर माझ्या हात न जोडण्यावर आलं ते."

साहेबांनी माधवी मॅडमना खूण केली. रिपोर्ट आला. साहेबांनी दोन ओळींवर काट मारली, आणि मी सांगितलं तसं लिहिलं, की उमेदवाराचा दोष नव्हता, फोल्डरच्या परमिशन व मालकी चुकीच्या होत्या, उमेदवाराने दुसऱ्याच आठवड्यात हे सांगितले होते, आज दोष दाखवून दुरुस्त केला. सही, शिक्का. मी माधवी मॅडमकडून त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि पर्समध्ये घातली. मग नेमणुकीचं लेटर हातात आलं. बाहेर माझ्या टेबलाशी येऊन वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

एवढ्यात सत्याप्पा मामा पुन्हा दारात. "ताई, प्रोग्राम येतुया खरा, पर बदल करून सेव्ह व्हईना. आत जाऊ देत न्हाय म्हनतंय."

ही माझी चूक होती. मशिनांचं फोल्डर सरांनी स्वतःच्या फोल्डरच्या पोटात ठेवलं होतं, आणि मी त्यांचं दार जरा जास्तच घट्ट लावलं होतं. "पाच मिनिटं द्या मामा," मी म्हणाले. "ते फोल्डर तिथून बाहेर काढते, मशिनांपुरतं वेगळं ठेवते. मग कायमचं—"

"पाच मिंटं कशाला?" आदर्श सर त्यांच्या खुर्चीवर पोचलेसुद्धा होते. नव्यानं मिळालेल्या खिडकीत त्यांची बोटं चालू झाली. मला लांबूनच कळलं. ती कमांड बोटांच्या आवाजावरून ओळखू येते मला.

"सर, एंटर मारू नका. पुन्हा तेच होईल. आपण दोघंही बाहेर."

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी घड्याळाकडं.

"मार," साहेब म्हणाले.

मारलं. सत्याप्पा मामा पळत गेले आणि शेडमधून त्यांचा आवाज आला, "झालं वो! झालं सेव्ह!" सर खुर्चीत मागं रेलले. मी लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली, सर्व्हरला नव्यानं हाक मारली आणि पडदा साहेबांच्या पुढं धरला. परमिशन डिनाइड, पब्लिक की.

साहेबांनी वाचलं. या खेपेला त्यांना ते पूर्ण कळलं, हे मी बघितलं. ते मला समजुतीच्या आवाजात म्हणाले, "पर तू मगाशी गेल्याली हाईस न्हवं आत?"

"आहे."

"आन् आदर्श बी हाय?"

"आहेत."

"मग लई ताणू नको गं. मशिनं चालल्यात. तुमी दोघं आत हाईसा. आता कुनी बाहीर पडूच नका, म्हंजी झालं."

सर म्हणाले, "तेच म्हनतोय मी सा महिनं."

मी आधी केबिनमध्ये जाऊन सर्व्हरसमोरच्या पडद्यावर एक्झिट टाइप केलं. मग लॅपटॉपवरही तेच टाइप केलं. लेटर घडी न घालता साहेबांच्या टेबलावर ठेवलं, रॅकवरच्या चपला घातल्या आणि निपाणीच्या बसला निघाले.